बोअरचे जड पाणी आणि मुतखडा : आपल्या घरापुरते उत्तर कसे काढावे

गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर पाहिला की हेच मूत्रपिंडात साचत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो थर मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तर बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट पाण्यातून येत नाही. ते काही प्रमाणात शरीरातच तयार होते आणि बाकीचे पालक, चुका, राजगिरा, शेंगदाणे अशा पदार्थांतून येते. म्हणून पाण्यातल्या कॅल्शियमची ऑक्झलेटशी गाठ आतड्यात पडते की थेट लघवीत, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवात प्रयोगशाळेच्या अहवालाने करावी. टीडीएस मीटरवरून जडपणा कळत नाही, कारण त्यात मीठही मोजले जाते. समजा, कांदिवलीतील एका सोसायटीच्या बोअरच्या अहवालात एकूण जडपणा लिटरला ४२० मिलिग्रॅम, कॅल्शियम ९६ आणि मॅग्नेशियम ४४ आहे. भारतीय मानकानुसार जडपणाची इष्ट मर्यादा २०० असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. अहवालात कॅल्शियमचा आकडा ‘कॅल्शियम कार्बोनेट’ म्हणून दिला असेल, तर त्याला ०.४ ने गुणावे. जंतुतपासणीही याच वेळी करून घ्यावी. मुंबईत बोअरचे पाणी बहुधा फ्लश आणि धुण्यासाठी असते, आणि त्यात जंतू निघाले तर मुतखड्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

आता रोजचे प्रमाण काढावे. तीन लिटर पाणी पिणाऱ्याला वरच्या बोअरमधून सुमारे २९० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे साधारण एका मोठ्या पेल्याभर दुधाइतके. प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमच्या आसपास असल्याने हा वाटा किरकोळ नाही, पण घाबरण्याजोगाही नाही.

खरी मेख वेळेत आहे. जेवणासोबत पोटात गेलेले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला पकडते आणि ती जोडी शौचावाटे बाहेर पडते. मॅग्नेशियमही थोडेफार तेच करते. रिकाम्या पोटी प्यायलेल्या जड पाण्यातल्या कॅल्शियमला आतड्यात पकडायला ऑक्झलेटच नसते. त्याचा काही भाग रक्तात शिरतो आणि लघवीतले कॅल्शियम वाढवतो. म्हणून जड पाणी जेवताना प्यावे, विशेषतः पानात अळूची भाजी किंवा राजगिऱ्याची भाकरी असेल तेव्हा, आणि दोन जेवणांमधले पाणी शक्यतो महापालिकेचे, म्हणजे तुलनेने मृदू असावे. खड्याच्या भीतीने दूध-दही बंद करणे मात्र उलटे पडते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील पाच वर्षांच्या चाचणीत, लघवीत कॅल्शियम जास्त असलेल्या पुरुषांपैकी पुरेसे कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांना, कमी कॅल्शियम खाणाऱ्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास वेळा खडा पुन्हा झाला.

मिठाचा मुद्दा किनाऱ्याजवळच्या बोअरला अधिक लागू पडतो. सोडियम वाढले की मूत्रपिंड कॅल्शियम अधिक सोडते. अहवालात क्लोराइड लिटरला ५०० असेल आणि ते बहुतांशी मिठाच्या रूपात असेल, तर तीन लिटरमधून जवळपास अडीच ग्रॅम मीठ जाते, म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेचे निम्मे. अशा पाण्यात जडपणापेक्षा खारटपणाच जास्त खुपणारा आहे. सॉफ्टनरही कॅल्शियम काढून सोडियम देतो, त्यामुळे पिण्याच्या नळाला तो जोडू नये.

शेवटी चोवीस तासांच्या लघवीची तपासणी, आणि ज्याला आधी खडा झाला आहे त्याने ती टाळू नये. समजा, कमी पाणी पिताना लघवी १.२ लिटर आणि त्यात कॅल्शियम २२० मिलिग्रॅम होते. बोअरचे पाणी भरपूर प्यायल्यावर लघवी २.४ लिटर आणि कॅल्शियम २६० झाले. एकूण कॅल्शियम वाढले, पण लिटरमागे ते १८३ वरून १०८ वर आले, म्हणजे स्फटिक जमण्याचा संभव घटला. जड पाण्याबद्दलचे अभ्यास एकमुखी का नाहीत, त्याचे एक कारण या गणितातच दडलेले आहे. मुंबईच्या दमटपणात घामावाटे बरेच पाणी जाते, म्हणून प्यायलेले लिटर न मोजता लघवीचे मोजावेत. ती अडीच लिटरच्या आसपास हवी.

एकूण कॅल्शियम पुरुषात ३०० किंवा स्त्रीत २५० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर आधी पापड-लोणची आणि वरचे मीठ कमी करावे, जेवणाबाहेरचे जड पाणी थांबवावे आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून डॉक्टरांना दाखवावी. खडा युरिक आम्लाचा किंवा जंतुसंसर्गातून झालेला निघाला, तर मात्र पाण्याच्या जडपणाचा हा सारा हिशेब गैरलागू ठरतो. त्यामुळे पडलेला किंवा काढलेला खडा फेकून न देता तपासायला द्यावा.