पंधरा पानांचा धडा एका कागदावर: दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’चे उजळणी टिपण कसे काढावे

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिला धडा, गुरुत्वाकर्षण, सुमारे पंधरा पानांचा आहे. बरीच मुले त्याच्या नोट्स काढतात म्हणजे पुस्तकातली वाक्ये थोडी लहान करून वहीत उतरवतात. आठ पाने भरतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तीही वाचून होत नाहीत. उजळणीचे टिपण वेगळे असते. त्याने धडा पुन्हा सांगायचा नसतो, तो आपल्याकडून वदवून घ्यायचा असतो. म्हणून ते ए-फोर कागदाच्या दोन बाजूंत मावले पाहिजे आणि उत्तर झाकता येईल अशा रीतीने मांडले पाहिजे.

आधी धड्याचा धागा शोधा

पहिले वाचन पेन हातात न घेता करा. मग धड्याच्या शेवटचा स्वाध्याय वाचा आणि कशावर काय विचारले जाते ते पाहा: व्याख्या, फरक, कारण, सूत्राची मांडणी की उदाहरण. स्वाध्याय आधी पाहिला नाही तर सगळेच महत्त्वाचे वाटते आणि अख्ख्या पानावर हायलायटर फिरतो.

आता पुस्तक मिटा आणि कच्च्या कागदावर मथळे आठवतील त्या क्रमाने लिहा. नुसते मथळे नकोत. एकातून दुसरा कसा निघतो तेही लिहा. या धड्यात ते असे जुळते: वर्तुळाकार गतीला केंद्राकडे ओढणारे बल लागते, ग्रह कसे फिरतात ते केप्लरच्या तीन नियमांनी कळते, त्या दोन्हींतून न्यूटनचा नियम निघतो, पृथ्वीला तो लावला की g मिळतो, g वरून वजन आणि मुक्त पतन, उंची फार वाढली की स्थितिज ऊर्जेचे वेगळे सूत्र, त्यातून मुक्तिवेग. जिथे तुमची साखळी तुटली तिथे पेन्सिलीने खूण करा. पक्क्या टिपणात सर्वांत जास्त जागा त्या खुणांना द्यायची आहे.

कागद दुमडा, डावीकडे प्रश्न लिहा

ए-फोर कागदाचा डावीकडचा एक तृतीयांश भाग दुमडून घडी पाडा. डाव्या पट्टीत प्रश्न, उजवीकडे उत्तराचे मोजके शब्द. मथळा लिहू नका, प्रश्नच लिहा. ‘g मधील बदल’ असे लिहिले की डोळे पुढे सरकतात. ‘खाली खोल गेले तर g चे काय होते आणि का?’ असे लिहिले की उत्तर द्यावे लागते.

उजवीकडे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हेच खरे काम. g कसा बदलतो हा भाग पुस्तकात आकृती आणि उताऱ्यांतून येतो. त्याचे टिपण एवढे पुरे:

```
g = GM/R²
ध्रुव 9.832, विषुववृत्त 9.78 m/s²   (ध्रुवावर R कमी)
उंचीवर: R च्या जागी R + h → g कमी
खोलवर: R कमी, पण ओढणारे M सुद्धा कमी → एकूण g कमी
केंद्रात g = 0
```

चौथी ओळ नीट पाहा. जागा वाचवायला बरेच जण ‘पण’च्या पुढचा भाग गाळतात. मग परीक्षेत सूत्र आठवते, R कमी झाला म्हणून g वाढला असे उत्तर लिहिले जाते आणि कारणासकट सगळे चुकते. खोल गेल्यावर आपल्या वरचा थर ओढण्याच्या हिशेबात राहत नाही. हे कारण गाळले की टिपणच चूक शिकवते. म्हणून उदाहरण, इतिहास, ‘आपण पाहिले की’ अशी जोडवाक्ये बिनधास्त टाका. मात्र ‘पण’, ‘जर’, ‘तेव्हाच’ या शब्दांमागची अट टाकू नका.

स्थितिज ऊर्जेतही हाच सापळा आहे. `mgh` पृष्ठभागाजवळ चालते, कारण तिथे g जवळजवळ स्थिर असतो. उंची फार असेल तर `−GMm/(R + h)`. दोन्ही सूत्रे शेजारी लिहा आणि प्रत्येकाखाली ते केव्हा वापरायचे ते एका शब्दात लिहा.

व्याख्या आणि सिद्धता यांना वेगळी वागणूक

व्याख्या आखूड करू नका. केप्लरचा दुसरा नियम ‘समान क्षेत्रफळ’ एवढाच लिहून ठेवला तर उत्तरपत्रिकेत ‘समान कालावधीत’ हे शब्द राहून जातात आणि नियमाचा अर्थच जातो. व्याख्या पूर्ण लिहा आणि ज्या दोन-तीन शब्दांवाचून ती कोसळते त्यांच्याखाली रेघ मारा. दुसरा रंग फक्त या रेघांसाठी वापरा.

सिद्धता मात्र पूर्ण उतरवायची गरज नाही. जिथे विचार वळतो तेवढ्याच पायऱ्या ठेवा. मधले बीजगणित हाताने होते. न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम केप्लरच्या तिसऱ्या नियमातून असा येतो:

```
F = mv²/r,   v = 2πr/T
F = 4π²mr/T²
T² = Kr³  →  F = 4π²m/(Kr²)
```

मुक्तिवेगाला तर एकच ओळ पुरते: पृष्ठभागावरची एकूण ऊर्जा = अनंत अंतरावरची एकूण ऊर्जा = 0. इथून `½mv² = GMm/R` आणि मग `v = √(2gR)`; पृथ्वीसाठी 11.2 km/s. शेजारी लिहा: ‘वस्तूचे m दोन्हीकडे कटते, म्हणून मुक्तिवेग वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नाही.’ यावर कारणे द्या विचारले तर उत्तर हेच आहे.

सोडवलेली उदाहरणे उतरवू नका. प्रकाराला एक ओळ द्या, उदा. ‘वर फेकला: टोकाला v = 0, a = −g; वर जायला जितका वेळ तितकाच खाली यायला.’ शेजारी सोप्या आकड्यांचा एक नमुना ठेवा: 20 m उंची, g = 10, म्हणून u = 20 m/s आणि एकूण वेळ 4 s.

टिपण तपासायची पद्धत

दुसऱ्या दिवशी कागदाची उजवी बाजू झाका आणि डावीकडच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहून काढा. नुसते मनात म्हणू नका. मनात सगळे बरोबरच वाटते. जे आले त्यापुढे बरोबरची खूण, जे अडले त्यापुढे तारीख. एखादा संक्षेप तुम्हालाच उलगडला नाही तर तो लगेच पूर्ण शब्दात लिहा. मार्चमध्ये तो त्याहून परका वाटणार आहे.

हीच फेरी आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने करा. ज्या ओळीपुढे दोन तारखा पडल्या तिथे दोष बहुधा टिपणाचा असतो: अट गाळलेली असते किंवा कारण नसते. त्या वेळी टिपण पुन्हा वाचत बसू नका. पुस्तकातला तो उतारा काढा आणि ओळ नव्याने लिहा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि अजूनही अडणाऱ्या पाच-सहा गोष्टीच त्यावर उतरवा. या धड्यात त्यात बहुधा G चे एकक, `Nm²/kg²`, असतेच.