गृहप्रवेशाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ: आधी फोटो लावा, मग बोलायचं लिहा

बहुतेक जण छापील पत्रिकेतला मजकूर व्हिडिओवर वाचून दाखवतात. "आमचे येथे श्रीकृपेकरून वास्तुशांती करण्याचे योजिले आहे" हे कागदावर शोभतं. घरच्या माणसाच्या तोंडून आलं की देवळातल्या लाउडस्पीकरवरची सूचना वाटते. म्हणून पत्रिका बाजूला ठेवा आणि घराचे फोटो समोर घ्या.

फोटो आठच पुरेत. पाहुणा येईल त्या क्रमाने लावायचे: घराचा दर्शनी भाग, अंगण, दारापुढचा बसायचा बाल्कांव, देवघर, स्वयंपाकघर. शेवटी येण्याचा रस्ता आणि दारात उभं कुटुंब. त्यात बांधकाम चालू असतानाचा एक फोटो घाला. चिऱ्यांचा ढीग आणि अर्धी भिंत पाहिली की नातेवाईक थांबून बघतात. चकचकीत टाइल्सचं कौतुक त्या मानाने लवकर संपतं. कपाटांचे, कुलपांचे, दागिने ठेवायच्या खोलीचे फोटो नकोत. व्हिडिओ पुढे कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

आता हिशेब. सावकाश बोललं तर मिनिटात शंभरेक शब्द होतात. प्रत्येक फोटो साडेपाच सेकंद धरला तर आठांचे पाऊण मिनिट. मध्ये श्वास आणि शांतता हवी, म्हणून मजकूर साठ-पासष्ट शब्दांचाच. फोटोत दिसतं तेच पुन्हा सांगण्यात शब्द घालवू नका. "हे आमचे सुंदर स्वयंपाकघर" यात ऐकणाऱ्याला नवीन काही मिळत नाही. त्याच फोटोवर जेवणाची वेळ सांगता येते.

गोव्यात डिचोलीजवळ घर बांधलेल्या एका कल्पित कुटुंबासाठी मजकूर असा होईल:

दर्शनी भाग: "नमस्कार. देवाच्या कृपेने आमचं नवं घर उभं राहिलंय."
बांधकाम: "गेल्या दिवाळीला इथे फक्त चिऱ्यांचा ढीग होता."
अंगण: "आता दारात तुळस आहे." (इथे दोन सेकंद गप्प.)
बाल्कांव: "संध्याकाळी गप्पांना बसायला बाल्कांव आहे. तिथली एक जागा तुमची."
देवघर: "रविवारी, दहा मे रोजी, सकाळी वास्तुशांती आणि सत्यनारायणाची पूजा आहे."
स्वयंपाकघर: "दुपारी साडेबारापासून तीर्थप्रसाद आणि जेवण."
रस्ता: "डिचोलीहून येताना देवळाच्या पुढे डावीकडे वळा. आंब्याखाली निळं गेट दिसेल."
दारात उभं कुटुंब: "आम्ही वाट बघतोय. चुकनासतना येयात!"

शेवटचं वाक्य कोंकणीत मुद्दाम ठेवलं आहे. घरात जे बोलता तेच तिथे आलं की आमंत्रण लगेच आपलं वाटतं. ते आजीने म्हटलं तर आणखी बरं, मात्र तिला पाठ करायला लावू नका. कोणाला बोलवायचं ते सांगा आणि ती म्हणेल ते घ्या.

रस्त्याच्या फोटोकडे जरा लक्ष द्या. आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडा आणि जवळचं देऊळ. घराचा नंबर कोणी शोधत नाही. म्हणून गाडीतून येणाऱ्याला वळणावर जे दिसतं, त्याचाच फोटो काढा, तोही रस्त्यावर उभं राहून. घराजवळून रस्त्याकडे बघत काढलेल्या फोटोत वळण उलटं दिसतं आणि "डावीकडे" ऐकून माणूस गोंधळतो. नकाशाची लिंक मेसेजमध्ये वेगळी पाठवा. फोन नंबर बोलून सांगण्यात अर्थ नाही, तो लिहायला कोणाच्या हातात पेन नसतं.

आवाज नव्या घरात रेकॉर्ड करू नका. रिकाम्या खोलीत, नुसत्या भिंती आणि फरशीवरून आवाज आपटून परत येतो आणि विहिरीत बोलल्यासारखा वाटतो. जुन्या घरात, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा. कपडे आवाज शोषून घेतात. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. सकाळ-संध्याकाळ पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा नेमका मध्ये येतो, म्हणून दुपारची वेळ धरा. प्रत्येक फोटोचं वाक्य वेगळं रेकॉर्ड केलंत, तर चूक झाली तरी तेवढंच पुन्हा बोलावं लागेल. पार्श्वसंगीत हवंच असेल तर शब्दांचं नको. गाणं आणि आमंत्रण एकत्र वाजलं की तारीख ऐकूच येत नाही.

पुष्कळ जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, त्यामुळे देवघर, स्वयंपाकघर आणि रस्ता या तीन फोटोंवर वार, तारीख, वेळ आणि ठिकाण मोठ्या अक्षरांत लिहा. बाकीचे फोटो मोकळे राहू द्या.

पाठवण्याआधी ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा एखाद्या शेजाऱ्याला व्हिडिओ एकदाच ऐकवा, फोन पालथा ठेवून. मग विचारा: कधी, किती वाजता, कुठे वळायचं? ज्याचं उत्तर अडखळलं, तेवढंच वाक्य सावकाश बोलून पुन्हा रेकॉर्ड करा.