सोळा मात्रा भरतात, तरी ओळ अडखळते : भजन रचताना या चुका टाळा

भजनाची ओळ लिहिली, बोटांवर मात्रा मोजल्या, सोळा भरल्या. टाळ घेऊन गायला बसलो तर तिसऱ्या शब्दावरच पाय घसरला. माझ्या वहीत अशा ओळींची पानेच्या पाने आहेत. त्यातली एक घेऊन चूक नेमकी कुठे होते ते दाखवतो.

आधी एक गल्लत दूर करू. अभंगात मात्रा नाही, अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा-सहा-सहा-चार अक्षरे असतात आणि तिथे ‘की’ आणि ‘कि’ यांचे वजन सारखेच. मात्रांचा हिशेब लागतो तो जातिवृत्तात. इथे आपण पादाकुलक घेऊ. त्याच्या ओळीत सोळा मात्रा असतात, आठ-आठच्या दोन आवर्तनांत. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर किंवा अनुस्वार असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन.

माझी ओळ अशी होती :

तुझ्या पायरीशी मी बसलो

तुझ्या ३, पायरीशी ७, मी २, बसलो ४. बेरीज बरोबर सोळा. पण आता पहिल्या आणि नवव्या मात्रेवर टाळी द्या. पहिली टाळी ‘तु’वर पडते, दुसरी ‘शी’वर. म्हणजे ‘पायरी’ एका आवर्तनात आणि ‘शी’ दुसऱ्यात. शब्द मधोमध चिरला जातो आणि ऐकणाऱ्याला ‘शीमी’ असा भलताच शब्द ऐकू येतो. बेरीज फक्त ओळीची लांबी सांगते. चाल टिकते की नाही, ते आठव्या मात्रेवर ठरते. तिथे शब्द संपायला हवा, आणि आठवी-नववी मात्रा मिळून एकच गुरू अक्षर तर मुळीच येता कामा नये.

मग मी ‘पायरी’ सोडली. ‘मी’ही काढला, कारण ‘बसलो’मध्ये तो आहेच.

तुझ्या दारी बसलो देवा

वहीत हिचीही बेरीज मी सोळा लिहिली होती. गाताना मात्र पहिल्याच शब्दानंतर एक खड्डा लागायचा. कारण फार उशिरा कळले. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा नियम पाठ असल्यामुळे या वेळी मी ‘तु’ला दोन मात्रा दिल्या होत्या. मराठीत हा नियम आघातावर चालतो. ‘भक्त’ म्हणताना जीभ ‘भ’वर अडते, म्हणून ‘भ’ गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर काहीच अडत नाही, म्हणून तो लघुच राहतो आणि शब्दाच्या मात्रा तीनच. तुम्ही, पुन्हा, कळ्या हे सगळे याच जातीचे. फरक कानाला पटवायचा असेल तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लागोपाठ म्हणून बघा. समुद्राच्या दर्याला चार मात्रा, डोंगरातल्या दऱ्यांना तीन.

म्हणजे ओळ पंधराचीच होती. दुरुस्ती परंपरेतच तयार होती :

तुझिया दारी बसलो देवा

‘तुझिया’ १+१+२, चार मात्रा. पुढचे तिन्ही शब्दही चार-चारचे, आठव्या मात्रेवर ‘दारी’ पूर्ण. ‘तुझिया’, ‘माझिया’ ही रूपे भक्तिरचनेत मुरलेली आहेत, त्यामुळे ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाहीत. ‘येऊन’चे ‘येउन’ करून एक मात्रा वाचवण्याची सवलतही कवीला आहेच. पण एका ओळीत ती दोनदा घ्यावी लागली, तर मी ओळच बदलतो.

आता पुढची ओळ पाहा :

नाम तुझे मी गाता देवा

बोलताना आपण ‘नाम्’ म्हणतो, म्हणून नवखा माणूस इथे दोनच मात्रा धरतो आणि मग एखादा ‘हे’ किंवा ‘रे’ घुसडतो. गाताना ‘म’ पूर्ण उच्चारला जातो, त्याची एक मात्रा धरायचीच. नाम ३, तुझे ३, मी २, आठ झाल्या. इथे चौथ्या मात्रेवर शब्द संपत नाही, तरी ओळ सुरेख चालते. आठच्या आत शब्दांची मांडणी तुम्ही बदलू शकता, आणि बदलावीच. सगळ्या ओळी चार-चारच्या झाल्या की भजन पाढ्यासारखे वाटू लागते.

‘तुझिया दारी उभा गरीब’ या ओळीत मात्र खरोखर पंधराच मात्रा आहेत, तरी ती चालते. शेवटचा ‘ब’ गाताना लांबतो आणि त्याला गुरू मानण्याची मुभा आहे. ही मुभा ओळीच्या टोकालाच. मधल्या लघूला ओढून कमी पडलेली मात्रा भरली, तर तुमच्या गळ्यात ती लपेल, पण दुसरा कुणी तीच ओळ वाचून गायला लागला की तिथेच अडखळेल. म्हणून नवी रचना मी आधी दुसऱ्याच्या हातात देतो, चाल न सांगता, फक्त टाळी धरून.