गठ्ठ्याने काम करताना या चुका टाळा

साचलेल्या बिलांची नोंद करताना एकेक बिल हातावेगळे करावे की गठ्ठ्याने काम करावे, या वादात एक महत्त्वाचा फरक बहुधा नजरेआड होतो. सारखी बिले एकत्र लावून त्यांतले प्रत्येक बिल शेवटपर्यंत पूर्ण करणे ही गठ्ठ्याची एक पद्धत आहे; सगळ्या बिलांची आधी फक्त पडताळणी, मग सगळ्यांची नोंद आणि शेवटी सगळ्यांची मंजुरीसाठी रवानगी करणे ही दुसरी. पहिलीने खरोखर वेळ वाचतो. दुसरी नुसतीच वेगवान भासते, आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिलीचा फायदा पाहून दुसरी स्वीकारणे.

समजा, तीन पुरवठादारांची प्रत्येकी चार, अशी 12 बिले आळीपाळीने आली आहेत. एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे वळताना त्याचे खरेदी आदेश उघडणे, कराचा दर आणि खातेशीर्ष निवडणे यांत 3 मिनिटे जातात, तर प्रत्यक्ष नोंदीला 2 मिनिटे लागतात. आलेल्या क्रमाने काम केल्यास प्रत्येक बिलाला 5 मिनिटे, म्हणजे एकूण 60 मिनिटे लागतील. तीच बिले पुरवठादारानुसार लावून एकेक पूर्ण केली, तर तयारी तीनदाच करावी लागेल आणि काम 33 मिनिटांत संपेल. शिवाय एक बिल पूर्ण होण्यासाठी सरासरी 32.5 मिनिटे थांबावे लागत होते, तिथे आता 19 मिनिटे थांबावे लागेल. टप्प्याटप्प्याने काम केल्यास मात्र पहिले बिलही अगदी शेवटाकडे बाहेर पडते, आणि प्रत्येक बिल पुन्हा हातात घेताना ‘हे कोणते, याचे काय ठरले होते’ हे नव्याने आठवावे लागते.

यातून पुढची चूक उद्भवते: गठ्ठा जितका मोठा तितका वेग अधिक, असे मानणे. तयारीची 3 मिनिटे चार बिलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला 45 सेकंद येतात, आठ बिलांत सुमारे 22 आणि सोळा बिलांत सुमारे 11. म्हणजे आठांवरून सोळांवर जाऊन दर बिलामागे जेमतेम 11 सेकंद वाचतात, पण त्यासाठी आधी सोळा बिले जमेपर्यंत वाट पाहावी लागते. नोंद फक्त सकाळी 11 आणि दुपारी 4 वाजता होत असेल, तर 11 वाजून 10 मिनिटांनी आलेले बिल जवळपास पाच तास तसेच पडून राहते, आणि टेबलावरच्या माणसाला हा उशीर कधीच दिसत नाही, कारण तो फक्त स्वतः कामाला बसल्याचा वेळ मोजत असतो. जिथे तयारीच काही सेकंदांची आहे, तिथे गठ्ठा करण्याच्या भानगडीत पडूच नये.

चुकांचे निदान करताना त्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचा नमुना पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. चुकीची रक्कम किंवा बिल क्रमांक हा नेमका आधीच्या बिलाचा बरोबर आकडा असेल, तर कागद आणि संगणकाचा पडदा यांची जोडी सुटली आहे असे समजावे; टप्प्याटप्प्याच्या कामात ही चूक हमखास आढळते, आणि कधी कधी एका जागी घसरलेली ओळ पुढची सगळी बिले एकेक घर सरकवत नेते. त्यावर उपाय म्हणजे पडताळणी आणि नोंद एकाच बैठकीत, एकाच बिलावर करणे आणि जतन करण्यापूर्वी बिल क्रमांक कागदावरून पुन्हा वाचणे. याउलट, सलग सगळ्या बिलांत कराचा दर एकसारखाच चुकला असेल, तर दोष तयारीत आहे. सारखी बिले एकत्र करण्याची ही खरी किंमत आहे: सुरुवातीची एक चूक साऱ्या गठ्ठ्यात उतरते. म्हणून पहिले बिल पूर्ण झाले की ते दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे आणि मगच उरलेल्यांना हात घालावा. विखुरलेल्या बिलांत केवळ शेवटची पायरी, जसे जोडपत्र लावणे, राहून गेलेली दिसली, तर दोष बहुधा मध्येच आलेल्या व्यत्ययाचा असतो. तिथे गठ्ठ्याचा आकार बदलून फरक पडत नाही, हातातले बिल संपेपर्यंत फोन न घेतल्याने पडतो.

अडणारे बिल गठ्ठ्यातच ठेवणे ही चूक लहान वाटते, पण ती सगळा हिशोब बिघडवते. खरेदी आदेशाशी न जुळणाऱ्या एका बिलासाठी चौकशीचे पत्र लिहायला घेतले, की पुढच्या बिलांसाठी केलेली तयारी डोक्यातून निघून जाते. असे बिल, न जुळणारा आकडा त्यावर टिपून, बाजूला काढावे, हातातला गठ्ठा संपवावा आणि मग अडलेली बिले एकेक करून सोडवावीत, कारण त्यांतल्या प्रत्येकाची अडचण वेगळी असल्याने गठ्ठ्याचा तिथे काहीच लाभ होत नाही.