लज्जागौरीचा फोटो 'नग्नता' म्हणून उडवला? मग अपील असं लिहा

सोशल मीडियावर जुन्या मूर्तींचे फोटो टाकणाऱ्यांना हे नवीन नाही. बदामीच्या संग्रहालयातल्या लज्जागौरी या मातृदेवतेच्या मूर्तीचा फोटो टाकला की थोड्या वेळात नोटीस येते, 'नग्नतेच्या नियमामुळे पोस्ट काढली'. ते बघणारं मशीन असतं, त्याला उताणं शरीर आणि फाकलेले पाय दिसतात, पण तो दगड आहे आणि डोक्याच्या जागी कमळ आहे हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही.

आधी नोटिशीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात कुठला नियम सांगितलाय तो आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ फोटो आणि कॅप्शन जपून ठेवा.

आणि तोच फोटो परत टाकू नका. 'क्रॉप कर, जरा ब्लर कर आणि टाक पुन्हा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो घातक आहे. काढलेल्या फोटोचा एक डिजिटल ठसा बनवून ठेवता येतो, मग त्याच्याशी जुळणारी प्रत कुणीही टाकली तरी ती आपोआप उडते आणि टाकणाऱ्याच्या खात्यावर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, बसू शकते. कोलंबियात पोलिसांच्या मारहाणीवर काढलेलं एक व्यंगचित्र फेसबुकवाल्या मेटाच्या अशाच ठशांच्या साठ्यात चुकून गेलं होतं, 215 जणांनी अपील केलं, त्यातल्या 98 टक्के लोकांचं अपील मान्य झालं, तरी चित्र साठ्यातून निघेना, ते प्रकरण मेटाचे असे निर्णय तपासणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डाकडे गेल्यावर सुटलं. बोर्डाने 2022 मध्ये त्यावर निकाल दिला. सांगायचा मुद्दा, अपील वाया जात नाही, पण फोटो परत परत टाकून तुमचंच खातं अडचणीत येतं.

आता खरा अवघड टप्पा, मजकूर लिहिणं. मलाही सुरुवातीला हाच सगळ्यात जड गेला, कारण डोक्यात राग असतो आणि बोटं 'ही आमची संस्कृती आहे, तुम्हाला काय कळतं' असं टाइप करायला लागतात. ते लिहू नका. 'इतरांचे असले फोटो चालतात मग माझा का नाही' हेही नको, त्याने फार तर त्यांचेही फोटो जातील. अपील माणसाकडे गेलंच, तर त्याला बदामी माहीत नसेल, मराठी येत नसेल आणि त्याच्यासमोर अशा ढीगभर तक्रारी असतील. त्याला एवढंच ठरवायचंय की हा फोटो नियमात बसतो का. तेवढंच त्याच्या हातात द्या.

लज्जागौरीसाठी मी असं लिहायला सांगतो:

'हा दगडी मूर्तीचा फोटो आहे, जिवंत व्यक्तीचा नाही. मूर्ती लज्जागौरी या मातृदेवतेची असून बदामी, कर्नाटक इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहालयात आहे. मूर्तीला माणसाचं डोकं नाही, त्या जागी कमळ आहे, ते फोटोत वर दिसतं. मराठी कॅप्शनमध्ये फक्त मूर्तीची आणि तिच्या पूजेची माहिती आहे. तुमच्या नग्नतेच्या नियमात शिल्पांच्या फोटोंना परवानगी आहे. पोस्ट परत लावावी आणि खात्यावरचा स्ट्राइक काढावा.'

पहिल्याच वाक्यात मशीनचा गैरसमज खोडला, हे सगळ्यात महत्त्वाचं. कमळाचं वाक्य असं आहे की ते समोरच्याला फोटो बघून लगेच तपासता येतं, त्यामुळे बाकीच्यावरही विश्वास बसतो. नियमाचं वाक्य मात्र मनाने लिहू नका, त्या प्लॅटफॉर्मचं नियमांचं पान उघडून सवलतीची ओळ जशीच्या तशी उचला, कारण सगळीकडे ती सारखी नसते. जमलं तर साध्या इंग्रजीत लिहा आणि कॅप्शनचं भाषांतर जोडा.

कधीकधी लिहायला चौकटच नसते, नुसते पर्याय असतात. मग त्यातला जवळचा निवडा आणि हा मजकूर प्लॅटफॉर्मच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, त्याचा पत्ता साइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथूनही नकार आला तर उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. तिथे नोटिशीचा स्क्रीनशॉट आणि अधिकाऱ्याचं उत्तर दोन्ही लागतं, म्हणून ते ईमेल डिलीट करू नका.

एक प्रकार अपिलात घालू नका, उघड्या लहान मुलाचे आंघोळीचे वगैरे फोटो. हेतू कितीही निर्मळ असो, तिथे प्लॅटफॉर्म ऐकत नाहीत आणि ऐकूही नये.

पोस्ट परत आली की लगेच सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट स्टेटस बघा. पोस्ट परत येते आणि स्ट्राइक तसाच राहतो असंही होतं, मग त्याच तक्रारीचा नंबर देऊन तेवढ्यासाठी पुन्हा लिहा.