२६एएसचा स्क्रीनशॉट आणि १६ए प्रमाणपत्रे: टीडीएस बुडाला असे ठरवण्याआधी या चुका टाळा

अहमदपूर तालुक्यातील एक मातीकाम ठेकेदार जूनअखेरीस लातुरात माझ्या कार्यालयात आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत टीडीएसचे कागद होते आणि मोबाइलमध्ये फॉर्म २६एएसचा, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडील विवरणाचा, स्क्रीनशॉट होता. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये त्यांनी तीन ठिकाणी कामे केली होती. साखर कारखान्याच्या यार्डातील मुरूम भराईचे १२,४०,००० रुपये, बांधकाम कंपनीच्या खोदकामाचे १८,६०,००० रुपये आणि एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामाचे जीएसटी वगळून ९,००,००० रुपये असे त्यांचे बिल झाले होते. हातातील कागदांवरून त्यांनी एकूण कपात ५८,००० रुपये मोजली होती आणि स्क्रीनशॉटमधील आकड्यांची बेरीज ३१,४०० रुपये येत होती. “साहेब, माझे सव्वीस हजार सहाशे रुपये कुठं गेले?” हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधायला तास-दीड तास लागला. गेलेली रक्कम प्रत्यक्षात ६,००० रुपयांचीच निघाली आणि उरलेला फरक जुळणी करण्याच्या पद्धतीतून आलेला होता. दरवर्षी याच चुका माझ्यासमोर येतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

स्क्रीनशॉटलाच पूर्ण विवरण समजणे

साखर कारखान्याने दिलेल्या १६ए, म्हणजे कर कापल्याच्या, प्रमाणपत्रांवर १२,४०० रुपयांची कपात होती. स्क्रीनशॉटमध्ये त्या कारखान्याच्या नावाखाली तीन ओळी दिसत होत्या आणि त्यांची बेरीज ९,८०० रुपये होत होती, त्यामुळे ठेकेदाराने २,६०० रुपयांची तूट धरली होती. परंतु २६एएसमध्ये प्रत्येक कपातदाराची आधी एक एकत्रित ओळ असते आणि तिच्याखाली तारखेनिहाय नोंदी असतात. त्या एकत्रित ओळीत `Total TDS Deposited` या रकान्यात १२,४०० हा आकडा स्पष्ट दिसत होता. चौथी तपशिलाची ओळ स्क्रीनच्या खाली राहिली आणि चित्रात आलीच नाही, एवढेच घडले होते. म्हणून प्रमाणपत्राकडे वळण्याआधी त्याच चित्रातील तपशिलांची बेरीज एकत्रित ओळीशी जुळते का, हे पाहावे. ती जुळत नसेल तर दोष चित्राचा आहे, कपातदाराचा नाही.

चित्रात वरचा भाग आला आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण पॅन, करनिर्धारण वर्ष आणि `Data updated till` ही तारीख तिथेच असते. २६एएस उघडताना करनिर्धारण वर्ष निवडावे लागते आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी ते २०२५-२६ असते; अनेक जण सवयीने २०२४-२५ निवडतात आणि मागच्या वर्षाच्या नोंदी यंदाच्या प्रमाणपत्रांशी ताडत बसतात. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ मे आणि तिचे १६ए देण्याची मुदत १५ जून असते, त्यामुळे मे महिन्यात काढलेल्या चित्रात जानेवारी ते मार्चच्या नोंदी नसणे हे स्वाभाविक आहे. त्याला तूट म्हणता येत नाही.

माझा आग्रह असतो की स्क्रीनशॉट फक्त पहिल्या नजरेसाठी वापरावा आणि जुळणीसाठी ई-फायलिंग पोर्टलवरून ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर जाऊन पूर्ण विवरण उतरवून घ्यावे. ते शक्य नसेल आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या धूसर चित्रावरच काम करायचे असेल, तर टॅनची, म्हणजे कपातदाराच्या ओळख क्रमांकाची, रचना मदतीला येते. टॅनमध्ये पहिली चार इंग्रजी अक्षरे, नंतर पाच अंक आणि शेवटी एक अक्षर असते. पहिल्या चारांत गोल चिन्ह दिसले तर ते अक्षर `O` आहे आणि मधल्या पाचांत दिसले तर शून्य आहे. `B` आणि `8`, `S` आणि `5` यांचा घोळही असाच सोडवता येतो. जुळणी मात्र टॅननेच करावी, नावाने करू नये. एकाच कंपनीच्या दोन शाखांचे टॅन वेगळे असू शकतात, आणि नावावर विसंबले की एका शाखेच्या नोंदी दुसरीच्या प्रमाणपत्रासमोर मांडल्या जातात.

बिलातील प्रत्येक कपात आयकराची मानणे

फरकातील सर्वांत मोठी रक्कम १८,००० रुपयांची होती आणि ती स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामातली होती. ठेकेदाराकडे या कामाचे १६ए नव्हते. बिल अदा करताना दिलेला कपातीचा तक्ता होता. त्यात ‘टीडीएस’ हा शब्द दोनदा होता, एकदा ९,००० रुपयांसमोर आणि एकदा १८,००० रुपयांसमोर, म्हणून त्यांनी २७,००० रुपये एकत्र धरले होते. यातील पहिली रक्कम आयकर कायद्याच्या कलम १९४सी खालील एक टक्का कपात आहे आणि ती २६एएसमध्ये बरोबर दिसत होती. दुसरी रक्कम जीएसटी कायद्याखालील दोन टक्के कपात आहे, जी सरकारी विभाग आणि स्थानिक संस्था २,५०,००० रुपयांपेक्षा मोठ्या करारांवर करतात. ही रक्कम २६एएसमध्ये कधीही येणार नाही. ती जीएसटी पोर्टलवर टीडीएस क्रेडिटच्या यादीत दिसते आणि करदात्याने तिथे ती स्वीकारल्यानंतर त्याच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये जमा होते. आमच्या ठेकेदाराने ती यादी वर्षभर उघडलीच नव्हती; १८,००० रुपये तिथे तसेच पडून होते. सरकारी कामे घेणाऱ्या आपल्या भागातील ठेकेदारांमध्ये ही चूक मला सर्वांत जास्त आढळते. बिलातून अनामत रक्कम आणि कामगार उपकरही कापला जातो, म्हणून तक्त्यातील प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या कायद्याची आहे हे एकदा लिहून घ्यावे.

शिक्का असलेल्या कोणत्याही कागदाला १६ए समजणे

आता खरी तूट. बांधकाम कंपनीची चार तिमाहींची प्रमाणपत्रे ४,२००, ३,९००, ६,००० आणि ४,५०० रुपयांची होती; एकूण १८,६००. २६एएसमध्ये मात्र १२,६०० रुपये होते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिसऱ्या तिमाहीची एकही नोंद नव्हती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा शोध तिच्यावर अवलंबून आहे. खरे १६ए हे कपातदाराने भरलेल्या तिमाही विवरणपत्रातून ट्रेसेसवर तयार होते आणि २६एएसमधील नोंदही त्याच विवरणपत्रातून येते. दोन्हींचा उगम एकच असल्यामुळे एका पॅनचे, एका तिमाहीचे ट्रेसेसवरील प्रमाणपत्र हातात असताना २६एएसमध्ये ती नोंद अजिबात नसणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तसे दिसले की आधी प्रमाणपत्राचीच तपासणी करावी. ते ट्रेसेसवरून काढलेले आहे का, त्यावर प्रमाणपत्र क्रमांक आणि तिमाही विवरणपत्राचा पावती क्रमांक आहे का, त्यावरील पॅन अक्षर न अक्षर आपलाच आहे का, आणि प्रमाणपत्र काढल्यानंतर कपातदाराने विवरणपत्रात दुरुस्ती तर केली नाही ना, हे पाहावे.

ठेकेदाराकडची तीन प्रमाणपत्रे ट्रेसेसची होती. तिसऱ्या तिमाहीचे मात्र कंपनीच्या कार्यालयात संगणकावर टाइप करून, सही-शिक्का मारून दिलेले होते. त्यावर प्रमाणपत्र क्रमांकाची जागाच नव्हती. असा कागद कपात झाल्याचा पुरावा म्हणून जपून ठेवावा, परंतु विवरणपत्र भरले गेले आहे, याचा तो पुरावा नाही. कंपनीच्या लेखापालांना आम्ही पुढील मजकूर पाठवला:

“माझ्या पॅनवर आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत कलम १९४सी खाली ६,००,००० रुपयांवर कापलेले ६,००० रुपये २६एएसमध्ये दिसत नाहीत. सोबत बिले, बँक खात्याचा उतारा आणि पॅनची प्रत जोडली आहे. कृपया तिमाही विवरणपत्रात ही नोंद कोणत्या पॅनवर आहे ते पाहून कळवावे आणि ट्रेसेसवरील १६ए द्यावे.”

‘टीडीएस भरला का’ असे विचारण्यापेक्षा ‘नोंद कोणत्या पॅनवर आहे’ असे विचारलेले चांगले, कारण पहिल्या प्रश्नाला चलन दाखवून ‘भरला’ एवढेच उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. लेखापालांनी विवरणपत्र पाहिले तेव्हा नोंद ठेकेदाराच्या धाकट्या भावाच्या पॅनवर निघाली. दोघेही त्या कंपनीचे काम करतात, दोघांचे आडनाव आणि गाव एकच, आणि त्या तिमाहीत चुकीचे खाते निवडले गेले होते. ट्रेसेसवर थोरल्या भावाच्या पॅनवर काहीच मिळाले नाही, म्हणून कार्यालयाने हाताने प्रमाणपत्र करून दिले होते.

अशा वेळी ‘घरातलाच पैसा आहे, भावाने घेतला तरी चालेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. ज्याच्या हाती उत्पन्न करपात्र आहे त्यालाच कपातीचे श्रेय मिळते, आणि भावाच्या २६एएसमध्ये ६,००० रुपयांच्या कपातीसोबत ६,००,००० रुपयांची जमाही दिसते, जी त्याची नाहीच. उपाय एकच आहे: कपातदाराने दुरुस्ती विवरणपत्र भरून पॅन बदलणे. करदात्याला स्वतःच्या लॉगिनमधून ही दुरुस्ती करता येत नाही.

कापलेली रक्कम पाहणे, जमा झालेली न पाहणे

नोंद दिसते म्हणून श्रेय मिळेलच असेही नाही. `Tax Deducted` आणि `TDS Deposited` हे वेगळे रकाने आहेत आणि `Status of Booking` या रकान्यात `F` असेल तरच जुळणी पूर्ण झाली असे धरावे. `U` असेल तर रक्कम भरलेलीच नाही किंवा विवरणपत्रात दिलेला चलनाचा तपशील बँकेकडील नोंदीशी जुळत नाही. कपातदाराकडून चलनाचा बीएसआर कोड म्हणजे बँक शाखेचा क्रमांक, तारीख आणि चलन क्रमांक मागून घेतला की यांतले काय घडले ते लगेच कळते.

दुरुस्ती होण्याआधीच आयकर विवरणपत्राची मुदत संपत असेल, तर उत्पन्न पूर्ण दाखवावे. कापलेली रक्कम वजा करून उरलेलीच दाखवणे चुकीचे आहे. २६एएसमध्ये नसलेल्या श्रेयाची मागणी केल्यास कलम १४३(१) च्या सूचनेत ते नाकारले जाऊन कराची मागणी निघू शकते. कपातदाराची दुरुस्ती २६एएसमध्ये उतरल्यावर पोर्टलवरील `Tax Credit Mismatch Correction` या पर्यायातून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. कपातदाराने कर कापूनही भरलाच नसेल, तर कलम २०५ नुसार तो कर करदात्याकडून थेट वसूल करता येत नाही. मात्र कपात झाल्याचे सिद्ध करावे लागते आणि तेव्हा बिल, बँकेत आलेली निव्वळ रक्कम व तो सही-शिक्क्याचा कागद उपयोगी पडतो.

आमच्या प्रकरणात कंपनीने दुरुस्ती विवरणपत्र भरल्यानंतर थोरल्या भावाच्या २६एएसमध्ये ६,००० रुपयांची नोंद `F` स्थितीत आली आणि धाकट्याच्या विवरणात तेवढीच रक्कम वजा चिन्हासह दिसू लागली. ही वजा ओळ बेरजेत धरलीच पाहिजे. ती छपाईची चूक समजून सोडली, तर श्रेय ६,००० रुपयांनी जास्त धरले जाते. धाकट्या भावाने तोपर्यंत विवरणपत्र भरले नव्हते, त्यामुळे त्याचे काम सोपे झाले. त्याने आधीच त्या ६,००० रुपयांचे श्रेय घेतले असते, तर त्याला सुधारित विवरणपत्र भरून ते सोडावे लागले असते.