अफेक्ट की इफेक्ट? डिक्शनरी बघूनही होणाऱ्या या चुका टाळा

इंग्रजी-मराठी डिक्शनरीत अफेक्ट शोधा, 'परिणाम करणे' मिळतं, इफेक्ट शोधा तर 'परिणाम', आणि मग माणूस म्हणतो की दोन्ही एकच आहे, कुठलाही टाका. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फरक अर्थामध्ये फारसा नाहीये, तो वाक्यातल्या जागेत आहे. अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद असतं आणि इफेक्ट नाम, म्हणून अर्थ वाचायच्या आधी शब्दाशेजारी जे बारीक अक्षरात व्हर्ब किंवा नाउन लिहिलेलं असतं ते बघा, आपण नेमकं तेच सोडून देतो.

एक वाक्य घेऊ, 'कमी झोपेचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो'. याचं इंग्रजी करताना हमखास 'लॅक ऑफ स्लीप अफेक्ट्स ऑन मेमरी' लिहिलं जातं. हे 'ऑन' आलं कुठून? आपल्या 'वर'मधून! मराठीत परिणाम कशावर तरी होतो, पण इंग्रजीत अफेक्टला थेट कर्म लागतं, मधे काही नाही, म्हणजे 'लॅक ऑफ स्लीप अफेक्ट्स मेमरी', बास. 'ऑन' ठेवायचंच असेल तर नाम घ्या, 'लॅक ऑफ स्लीप हॅज ॲन इफेक्ट ऑन मेमरी'. अर्थ तोच, सांगाडा वेगळा. ('इफेक्ट्स मेमरी' लिहिलं तर तेही चूक, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे साधा स्पेलचेकर लाल रेघ मारेलच असं नाही.)

अडलात तर वाक्य भूतकाळात न्या. तो शब्द बदलून अफेक्टेड झाला तर क्रियापद, म्हणजे ए वाला. तो तसाच राहिला आणि हॅजचं हॅड झालं तर नाम, म्हणजे ई वाला. आधी ॲन, द किंवा एनी बसत असेल तरी बहुधा ई वालाच. उच्चारावर मात्र जाऊ नका, भरभर बोलताना दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात.

आता अपवाद, कारण कोणीतरी विचारणारच. इफेक्टसुद्धा क्रियापद होतं पण तेव्हा अर्थ 'घडवून आणणे', म्हणून 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवणं आणि 'अफेक्ट अ चेंज' म्हणजे चालू असलेल्या बदलावर परिणाम करणं. भूतकाळाची टेस्ट इथे फसते, त्यामुळे पुढे चेंज वगैरे दिसलं की थांबून 'घडवणं' बसतंय का बघा. मानसशास्त्रात अफेक्ट नाम म्हणूनही येतं, चेहऱ्यावर-आवाजात दिसणारी भावना या अर्थाने, आणि तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर असतो.

ॲडव्हाइस-ॲडव्हाइजला हीच युक्ती चालते. इम्प्लाय-इन्फरला नाही, कारण दोन्ही क्रियापदंच आहेत. तिथे कर्ता बघा, सुचवतो तो बोलणारा, म्हणून इम्प्लाय, आणि त्यावरून निष्कर्ष काढतो तो ऐकणारा, म्हणून इन्फर.